पहिल्या नोकरीचे कागद, भाग 7 : ‘उद्या सकाळी वॉक-इन’

मागच्या भागात बायोडेटा पाहिला. या आठवड्यात तो बायोडेटा हातात घेऊन तुम्हाला घराबाहेर काढणारा मजकूर पाहू, म्हणजे थेट मुलाखतीच्या भरतीचा मेसेज. चाकणच्या एखाद्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यातून निघालेला असा मेसेज साधारण या शब्दांत येतो :

“अर्जंट भरती! उद्या सकाळी 10 वाजता चाकण एमआयडीसीत वॉक-इन. आयटीआय, 10वी, 12वी सर्व चालेल. पगार 18,000 + ओटी. सर्व ओरिजिनल कागदपत्रे आणावीत. जास्तीत जास्त शेअर करा.”

एचआरने हा मजकूर व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर टाकलेला असतो. एका यादीत जास्तीत जास्त 256 जण बसतात आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणजे नोकरी शोधणाऱ्या मुलापर्यंत तो जवळजवळ नेहमीच फॉरवर्ड होत होत येतो. आयटीआयच्या जुन्या बॅचचा ग्रुप, गावचा ग्रुप, मग मावसभाऊ. या प्रवासात पाठवणाऱ्याचा नंबर गळून पडतो आणि मूळ तारीखही गळते, कारण फॉरवर्ड मेसेजवर दिसते ती शेवटच्या फॉरवर्डची वेळ. म्हणून भरतीच्या मेसेजची कसोटी एकच : बाकी काहीही माहीत नसलेल्या माणसाला तो एकटा वाचून पुरतो का?

वरचा मेसेज सुरुवातीलाच अडखळतो. ‘उद्या’ म्हणजे कधीची उद्या? आठवड्याने परभणीत पोचलेला हा मजकूर तिथेही ‘उद्या’च सांगतो, आणि मुलगा रात्रीच्या गाडीने निघतो. तारीख लिहायची तर वार, दिवस, महिना आणि वर्ष असे चारही हवेत : मंगळवार, 14 जुलै 2026. वाराचा उपयोग पडताळणीला होतो. जुन्या मेसेजमधला आकडा बदलून कुणी तो पुन्हा सोडला, तर बहुतेक वेळा वार बदलायचा राहून जातो. कॅलेंडर उघडून वार आणि तारीख जुळतात का हे पाहायला अर्धे मिनिट लागते. दुसरी गोष्ट वेळेची. ‘10 वाजता’ यात नोंदणी कधी बंद होणार हे कळत नाही. गेटवरची नोंदणी बंद झाली की सुरक्षारक्षक आत सोडत नाही, मग माणूस कितीही लांबून आलेला असो.

ठिकाणाचेही तसेच. चाकण एमआयडीसी ही एक जागा नाही. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरी अशा बऱ्याच गावांत ती पसरली आहे आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला रिक्षावाला सांगेल तो दर द्यावा लागतो. पत्त्यात कंपनीचे पूर्ण नाव, प्लॉट किंवा गट क्रमांक, गाव, कोणते गेट आणि जवळची खूण असायला हवी. कंपनीचे नावच नसेल तर भरती कोण करते आहे हे विचारल्याशिवाय निघू नये.

मग पगार आणि रोल. ‘18,000’ हा हातात पडणारा आकडा आहे की एकूण? समजा एकूण पगार 18,000 आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 13,000. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,560 गेले. ईएसआयचे 0.75 टक्के एकूण पगारावर धरले तर 135. व्यवसाय कर 200. हातात उरले 16,105. कँटीन आणि बसची कपात असेल तर त्याहून कमी. हाच माणूस अप्रेंटिस म्हणून घेतला असेल तर त्याला मिळते ते विद्यावेतन. त्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन कंपनीवर आपोआप येत नाही. तिसरी शक्यता ठेकेदाराच्या रोलची : काम कंपनीत, पण मालक ठेकेदार. पगाराची स्लिप आणि पीएफ त्याच्या नावाने. तिन्ही ठिकाणी काम मशीनवरचेच असते, पण हक्क वेगळे असतात. म्हणून ‘कंपनी रोल, ठेकेदार की अप्रेंटिस’ हे मेसेजमध्येच लिहिलेले हवे.

सर्वांत जास्त फेऱ्या वाया जातात त्या कागदपत्रांपायी. ‘सर्व कागदपत्रे’ लिहिल्याने काहीच कळत नाही, कारण प्रत्येक कागदाचे काम वेगळे आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून जन्मतारीख पाहतात, कारण मशीनवर 18 वर्षे पूर्ण झालेला माणूस हवा असतो. आयटीआयचे गुणपत्रक ट्रेड आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष सांगते. प्रमाणपत्र आले नसेल तर गुणपत्रक चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. आधारवरून पीएफचा यूएएन निघतो. इथे नावाचे स्पेलिंग किंवा जन्मतारीख दाखल्यापेक्षा वेगळी असली की गाडी अडते. कधी आधारवर नुसतीच 1 जानेवारी पडलेली असते, ती अशा वेळी उघडी पडते. ही दुरुस्ती मुलाखतीच्या सकाळी होत नाही, आधीच करून ठेवावी लागते.

पासबुकाचे पहिले पान पगार जमा करण्यासाठी लागते. ते जुने असेल तर आयएफएससी तपासा. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिच्या पासबुकावरचा जुना कोड आता चालत नाही. आधी कुठे काम केले असेल तर जुना यूएएन आणि काम सोडल्याचे पत्र न्यावे. जुन्या मालकाने पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख टाकली आहे का, हेही निघण्यापूर्वी पाहावे.

मूळ कागद दाखवायचे आणि तिथेच परत घ्यायचे. झेरॉक्सवर सही करून ‘फक्त मुलाखतीसाठी’ असे लिहून तारीख टाकावी, म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणे अवघड होते. “ओरिजिनल आमच्याकडे जमा राहतील” असे कुणी म्हणाले तर नकार द्यावा. नोंदणी, ड्रेस किंवा मेडिकलच्या नावाने आधी पैसे पाठवायला सांगितले तर मेसेजमधल्या नंबरवर खात्री करत बसू नये. कंपनीचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारावे.

आता तोच मेसेज नीट लिहू :

“(कंपनीचे पूर्ण नाव) : थेट मुलाखत.
मंगळवार, 14 जुलै 2026. नोंदणी सकाळी 9.30 ते 11.30. त्यानंतर प्रवेश नाही.
ठिकाण : गट क्र. (…), निघोजे, ता. खेड, जि. पुणे. गेट क्र. 2.
पद : फिटर, मशिनिस्ट. आयटीआय उत्तीर्ण 2023 ते 2025. कंपनी रोल, प्रशिक्षणार्थी, 1 वर्ष.
एकूण पगार 18,000, कपातीनंतर हातात सुमारे 16,100.
मूळ प्रती फक्त दाखवण्यासाठी, आणि झेरॉक्सचा एक संच : आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआय गुणपत्रक, पासबुकाचे पहिले पान, 2 फोटो. अनुभव असल्यास यूएएन व काम सोडल्याचे पत्र.
कोणतेही शुल्क नाही. चौकशी : (कार्यालयाचा नंबर), 10 ते 5.
14 जुलैनंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.”

शेवटची ओळ बहुतेक एचआर विसरतात, पण मेसेज हातातून सुटल्यावर त्याला थांबवणारी तेवढीच एक ओळ असते. तुमच्याकडे आलेल्या मेसेजमध्ये यातले जे नसेल, ते प्रश्न म्हणून लिहून काढा आणि तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा.

पुढच्या भागात : मुलाखतीनंतर हातात पडणारे ऑफर लेटर आणि नेमणूकपत्र यांतला फरक.