आसने करताना मनगट आणि मांडी दुखू लागली तर

आमच्या घरात आपा आणि भाभी दोघींनी मिळून योगासने सुरू केली. दोन महिन्यांत आपांचे मनगट सजद्यातून उठताना कळ देऊ लागले. भाभींना दस्तरखानाजवळ खाली बसले की डाव्या कुल्ह्याखालचे, टेकून बसायचे हाड दुखू लागले. शीर आखडली असेल असे समजून आम्ही सर्वांनी त्यांना आणखी ताण द्यायला सांगितले. तिथेच चूक झाली.

फिजिओथेरपिस्टबाईंनी समजावले तेव्हा कारण कळले. मांडीमागचे स्नायू त्या बसायच्या हाडालाच जोडलेले असतात. गुडघे ताठ ठेवून पुढे वाकले की जोडावरची दोरीसारखी शीर ताणली जाते आणि हाडावर दाबलीही जाते. पश्चिमोत्तानासनात रोज हेच घडत होते. दुखणे मांडीच्या मधोमध नसून थेट हाडाशी असेल, बसल्यावर वाढत असेल, तर ताणणे थांबवावे.

भाभींनी पुढे वाकायची आसने बंद केली. वाकावेच लागले तर त्या गुडघे दुमडून अर्ध्यावरच थांबत. त्याऐवजी सेतुबंधासन सुरू केले. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, 30 सेकंद धरायची, मध्ये विसावा घेत असे चार वेळा. करताना थोडे दुखले तरी चालते; दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून वेळ कमी करायची. बसताना त्या जाड गादी घेत. अशी शीर सावकाश बरी होते. भाभींना चार महिने लागले.

आपांचे कारण वेगळे होते. अधोमुख श्वानासन आणि फलकासनात तळहात जमिनीवर टेकतात, मनगट मागे मुडपते आणि अंगाचा भार त्यावर येतो. त्यांनी काही आठवडे फलकासन कोपरांवर केले. मग टॉवेलची घट्ट घडी तळहाताच्या मनगटाकडच्या भागाखाली ठेवली, बोटे मात्र जमिनीवर. त्यामुळे मनगट कमी मुडपते. बोटे पसरून तर्जनीच्या मुळाशी दाब दिला की सगळा भार मनगटावर पडत नाही. सजद्यातून उठताना काही दिवस त्या मूठ टेकवत, म्हणजे मनगट सरळ राहते.

मात्र अंगठा आणि शेजारच्या बोटांत मुंग्या येत असतील, हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, किंवा मांडीत एकदम काही तुटल्यासारखे होऊन काळेनिळे पडले असेल, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. भाभींनी सुरुवातीचा महिना ताण देण्यात घालवला नसता, तर त्या लवकर बऱ्या झाल्या असत्या, असे आम्हाला आता वाटते.