हवेचं चाक, भरीव चाक

बर्लिनमधल्या एका जुन्या इमारतीचं अंगण. भाचा ई-स्कूटर उलटी करून बसलाय. उभं राहून चालवायची, साडेआठ इंची चाकांची ही स्कूटर. मागच्या टायरमधली ट्यूब काढून, तिच्यात थोडी हवा भरून तो ती बादलीत बुडवतो. शेजारीशेजारी दोन जागांवरून बुडबुडे येतात.

"मामा, बघ. खिळा नाही, काच नाही. ट्यूब चेपून फाटलीय."

दोन बारीक चिरा स्पष्ट दिसतात. टायरमध्ये हवा कमी होती. फुटपाथच्या कडेवर तो पार रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मधे सापडली. भाचा पुढच्या चाकाला गेज लावतो. या टायरला ४५ ते ५० पीएसआय हवी, काटा २८ वर थांबतो. इतक्या छोट्या ट्यूबमध्ये हवाच मुळात थोडी मावते, त्यामुळे जराशी गळतीही लगेच जाणवते.

ट्यूब बदलेपर्यंत मी त्याच्या खोलीसोबत्याची स्कूटर बाहेर काढतो. मॉडेल तेच, पण टायर भरीव आहेत. बाजूने रबरात आरपार भोकं दिसतात. तेवढाच काय तो मऊपणा. काच घुसो, खिळा घुसो, याला पंक्चर नाही.

गल्लीत दगडी फरसबंदी आहे. वेग घेताच हँडल थरथरू लागतं, दांड्याची घडी खडखडते, प्रत्येक सांधा मनगटात आणि गुडघ्यात उमटतो. मागच्या मडगार्डचा एक स्क्रू सैल होऊन अर्धा बाहेर आलाय. हे हादरे शरीराइतकेच स्कूटरही सोसते. मग भाच्याची स्कूटर घेतो, दोन्ही चाकांत नीट हवा भरलेली. दगड कळतात, पण प्रत्येक धक्क्याची धार बोथट झालेली असते.

भुरभुर पाऊस सुरू होतो. भाचा अंगणाच्या फरशीवर खडूने रेघ ओढतो. रेघेवर येताच ब्रेक दाबायचा. हवेची स्कूटर सरळ रेषेत थांबते. भरीव टायरचं मागचं चाक अडकतं, बाजूला घसरतं आणि पहिली स्कूटर थांबली त्याच्या बरंच पुढे जाऊन थांबतं. हवेचा टायर खालच्या खडबडीत पृष्ठभागावर दबून बसतो. कडक रबर वरच्यावर टेकतं आणि खडबडीत रस्त्यावर तर उडतंही. उडालेल्या चाकाला पकड कुठली?

"मग तुझा खोलीसोबती टायर बदलत का नाही?" मी विचारतो.

"बसवतानाच उकळत्या पाण्यात घालून मऊ करावा लागला, मामा. आता काढायचा तर कापूनच."

गुळगुळीत, कोरडा आणि जवळचा रस्ता असेल, तर भरीव टायर चालेल. दगडी गल्ल्या आणि पाऊस असलेल्या शहरात मी हवाच निवडेन. पंक्चर दुरुस्त होतं. ओल्या वळणावर घसरल्यावर मोडलेलं मनगट इतक्या सहज सुधारत नाही. म्हणून टायर बदलण्याआधी एक गेज घ्या आणि दर आठवड्याला हवा तपासा. अशी चेपून होणारी पंक्चरं त्यानेच बरीच टळतात.