पेंचच्या रस्त्याखालून जाणारी वाट

नागपूरहून जबलपूरकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग मनसर सोडल्यावर जंगलात शिरतो. चोरबाहुली, देवलापार करत खवाशाजवळ तो मध्य प्रदेशात पोचतो. हा पूर्वीचा सात क्रमांकाचा आणि आताचा चव्वेचाळीस क्रमांकाचा रस्ता. एका बाजूला पेंच व्याघ्र प्रकल्प, तर पलीकडे कान्हापर्यंत पसरत गेलेलं जंगल. पेंच-कान्हा ही वाघांच्या येण्याजाण्याची जुनी वाट आणि हा रस्ता तिला आडवा जातो. त्याचं चौपदरीकरण ठरलं तेव्हा वाद न्यायालयापर्यंत गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्यात लक्ष घातलं. आज महाराष्ट्रातल्या या टप्प्यात प्राण्यांना ये-जा करण्यासाठी नऊ जागा बांधलेल्या आहेत. काही ठिकाणी नाल्यांवरचे पूल रुंद केले आहेत, तर काही ठिकाणी रस्ताच खांबांवर उचलून धरला आहे. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे.

या रुंदीवरूनच खरी ओढाताण झाली. ती समजायची तर जंगलातून जाणाऱ्या रस्त्यासाठी पर्यावरणीय परिणामांचं प्रकरण कसं लिहिलं जातं, हे पाहावं लागतं.

त्याची सुरुवात एका प्रश्नाने होते: अभ्यास नेमका कशाचा करायचा? अहवालाच्या भाषेत याला व्याप्तीनिश्चिती म्हणतात. तज्ज्ञ समिती प्रकल्पवाल्यांना अभ्यासाच्या अटी घालून देते आणि पुढचा अहवाल त्या चौकटीत होतो. अटींत ‘झाडांची मोजणी’ एवढंच असेल, तर अहवालात झाडांचे आकडे येतील. वाघ कुठून रस्ता ओलांडतात, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसेल. चौकट कुठे संपते, हेही याच वेळी ठरतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यापुरतं पाहिलं तर कान्हाकडे जाणारी वाट नकाशात येतच नाही, कारण ती त्या पट्ट्यात सुरू होत नाही आणि संपतही नाही.

काही रस्ते तर या चौकटीत येण्याआधीच निसटतात. २००६ च्या अधिसूचनेनुसार, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर, जुना राष्ट्रीय महामार्ग रुंद करताना विशिष्ट मर्यादेपलीकडे जादा जागा लागणार असेल आणि लांबी शंभर किलोमीटरच्या वर असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागत असे. उत्तराखंडातला जवळपास नऊशे किलोमीटरचा चारधाम रस्ता त्रेपन्न कामांत विभागला गेला. एकेक काम मर्यादेच्या आत बसलं आणि हिमालयातल्या त्या अख्ख्या रस्त्याचं एकत्रित मूल्यमापन झालंच नाही. लांबी कशी मोजली जाते यावर किती काही अवलंबून असतं, हे सामान्य माणसाला सहसा कळत नाही, आणि ते कळायला हवं.

अटी ठरल्या की पायाभूत सर्वेक्षण येतं. रस्ता होण्याआधी तिथे काय होतं, याची ही नोंद. जंगलात ती पायी करावी लागते. ठरवलेल्या रेषेवर पहाटे चालत दोन्ही बाजूंचे प्राणी मोजायचे. नाल्याच्या रेतीतले पगमार्क, विष्ठा, झाडावरचे ओरखडे टिपायचे. ज्या पायवाटा रस्त्याला येऊन मिळतात त्यांवर कॅमेरा ट्रॅप लावायचे. आणि जुन्या रस्त्यावर गाड्यांखाली काय मरतं, ते रोज बघायचं.

यातलं शेवटचं काम सोपं वाटतं, पण तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. गाडीतून जाताना मेलेलं चितळ दिसतं. बेडूक, सरडा, लहान साप दिसत नाहीत. उजाडताच कावळे त्यांना उचलून नेतात, उरलेले चाकांखाली सपाट होतात. त्यामुळे सकाळी दहा वाजता केलेल्या मोजणीत रस्ता आहे त्याहून कमी घातक दिसतो. त्यात एका अडचणीची आणखी भर पडते. अशा अहवालांसाठी बहुधा एकाच हंगामाची माहिती घेतली जाते आणि तोही पावसाळा सोडून. बेडूक आणि साप रस्त्यावर सर्वाधिक येतात ते नेमके पावसाच्या पहिल्या सरींनंतर. ज्या महिन्यांत ते मरतात, तेच नोंदीतून गळतात.

पाया असा घातला की मग परिणाम टाळण्याची उतरंड. तिला चार पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम मोडायचा नाही, हेच तिचं सार आहे. आधी नुकसान टाळता येतं का पाहायचं. टाळता येत नसेल तर कमी करायचं. झालेलं शक्य तितकं पूर्ववत करायचं. आणि तरीही जे उरेल त्याची भरपाई दुसरीकडे द्यायची.

पेंचमध्ये टाळण्याचा पर्याय मांडला गेला होता. वाहतूक छिंदवाड्यावरून वळवावी, म्हणजे जंगलातला रस्ता रुंद करावा लागणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. तो स्वीकारला गेला नाही आणि बाब दुसऱ्या पायरीवर, नुकसान कमी करण्यावर, आली. ‘अंडरपास बांधा’ म्हणणं सोपं, पण प्राणी कसल्या बोगद्यात शिरेल याला एक साधं गणित आहे. वाटेची रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करायचा आणि रस्त्याखाली जितकं अंतर चालावं लागतं त्याने भागायचं. समजा, रस्त्याखालचं अंतर ३० मीटर आहे. तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच मोरी असेल, तर उत्तर येतं ०.३. चितळाला ते काळं भोक दिसतं, पलीकडचा उजेड नीट कळत नाही. तेच ५० मीटर रुंद आणि पाच मीटर उंच केलं तर उत्तर आठच्या वर जातं आणि समोर जंगल दिसतं. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने रुंदीचा जो आग्रह धरला त्यामागे हा हिशेब होता. शेकडो मीटर रस्ता खांबांवर उचलण्याचा खर्च मोठा, म्हणून वादही मोठा झाला.

बांधकामानंतर संस्थेने या वाटांवर कॅमेरे लावले. २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळात अठरा जातींचे वन्यप्राणी रस्त्याखालून जाताना टिपले गेले. त्यात चितळ आणि रानडुकरं होतीच, शिवाय रानकुत्री, अस्वल, बिबट्या यांच्याही नोंदी झाल्या. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखता आलेले ११ वाघ मिळून ८९ वेळा दिसले. ही बातमी देशभर गाजली, आणि तसं होणं योग्यच होतं.

पण फोटो सांगतात ते कोण आलं. कोण रस्त्यापर्यंत येऊन परत फिरलं, ते सांगत नाहीत. रस्ता रुंद होण्यापूर्वी त्याच ठिकाणी किती प्राणी ओलांडत होते, याची तशीच नोंद हाताशी असेल, तरच ‘इतके टक्के ये-जा टिकली’ असं म्हणता येतं. म्हणून पायाभूत सर्वेक्षण आणि नंतरची देखरेख एकाच पद्धतीने, त्याच जागी, त्याच ऋतूंत करावी लागते.

चौथ्या पायरीवर, भरपाईवर, अहवाल सहसा फार घाईने पोचतात. वनजमीन गेली की तेवढीच दुसरी जमीन घेऊन, किंवा विरळ झालेल्या जंगलाच्या दुप्पट क्षेत्रावर, झाडं लावायची तरतूद आहे. पण लावलेली रोपटी जंगलाचं क्षेत्र भरून काढतात. दोन जंगलांना जोडणारा, तुटलेला दुवा दुसऱ्या तालुक्यात लावलेल्या झाडांनी जोडला जात नाही. त्या दुव्याचा विचार पहिल्या दोन पायऱ्यांवरच व्हावा लागतो.

आणि त्या अठरा जातींच्या यादीकडे पुन्हा पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. कॅमेरा ट्रॅप समोरून सरकणाऱ्या अंगाच्या उष्णतेवर चालू होतो. बेडकाचं आणि सापाचं अंग भोवतालच्या जमिनीइतकंच थंड असतं, त्यामुळे ते समोरून गेले तरी बहुधा फोटो निघत नाही. पावसाळा वगळून केलेल्या सर्वेक्षणात जे मोजले गेले नाहीत, ते पुलाखालच्या कॅमेऱ्यातही येत नाहीत. त्यांना मोजायला आजही जूनच्या पहिल्या पावसानंतर, उजाडण्याआधी, हातात टॉर्च घेऊन त्या रस्त्यावरून कुणीतरी चालावं लागतं.