साठ, तीस, पंधरा

तालुक्याच्या गावातलं कुकर दुरुस्तीचं एक दुकान आहे असं समजू. मालकाला रेडिओवर जाहिरात करायची आहे. सांगायचं एकच: कुकरची शिट्टी होत नसेल तर कुकर टाकू नका, दुरुस्त करून घ्या. ही गोष्ट त्याला साठ, तीस आणि पंधरा सेकंद अशा तीन मापांत हवी आहे. खासगी एफएमवर दर साधारणपणे दहा सेकंदांच्या हिशेबाने ठरतो. त्यामुळे एका साठ सेकंदांच्या जाहिरातीच्या पैशांत पंधराची ढोबळमानाने चारदा वाजते. पहिले काही दिवस मोठी वाजवायची आणि पुढे छोटीने आठवण देत राहायची, असा बेत असतो.

मराठी शांतपणे वाचली तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. म्हणजे साठला एकशेवीस, तीसला साठ आणि पंधराला जेमतेम तीस. त्यातून आवाजांचा आणि थांबण्याचा वेळ वजा करायचा. दहा आकडी फोन नंबर एकदा सांगायलाच चार-पाच सेकंद जातात. साठमध्ये ते खपून जातं, पंधरामध्ये मात्र तिसरा हिस्सा त्यातच संपतो.

साठ सेकंदांत एक घर उभं राहतं. वाफेचा फुस्सऽऽ आवाज. सासूबाई विचारतात, "किती शिट्ट्या झाल्या गं?" सून म्हणते, "एकही नाही, पाऊण तास झाला!" ती नवा कुकर आणायचं म्हणते, आणि सासूबाई अडवतात, कारण तो सुनेच्याच रुखवतात आलेला असतो. दोघी दुकानात जातात. दुकानदार रबरी रिंग बदलतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतो. घरी आल्यावर खणखणीत शिट्टी होते. शेवटी नाव, पत्ता, फोन.

आता तीस. इथे बहुतेक जण प्रत्येक वाक्यातला एकेक शब्द काढायला बसतात. माणसं तेवढीच राहतात, प्रसंगही तेवढेच, फक्त बोलणं आखडतं आणि वाचणाऱ्याला धावावं लागतं. त्यापेक्षा अख्खं पात्र काढावं. सासूबाई गेल्या की रुखवतही जातं आणि दुकानापर्यंतचा प्रवासही. जीव तुटतो, कारण रुखवताचं वाक्यच सगळ्यात गोड जमलेलं असतं. पण कुकर दुरुस्त होतो ही गोष्ट त्यावाचून अडत नाही. उरतं ते असं:

(वाफेचा आवाज)
बाई: पाऊण तास झाला, शिट्टी नाही! आता नवा कुकरच आणते.
दुकानदार: थांबा ताई. कुकर चांगला आहे, रिंग गेली आहे. रिंग बदला, व्हॉल्व्ह तपासून घ्या.
(शिट्टी)
निवेदक: (दुकानाचं नाव), मारुतीच्या देवळासमोर. कुकर टाकू नका, घेऊन या.

शब्द तिसाच्या आसपास, म्हणजे पंधरा सेकंद. दोन्ही आवाजांना पाच-सहा, उरलेले नाव आणि थांबे यांना. कापताना एक अपघात हमखास होतो: काढलेल्या पात्राचा धागा मागे राहतो. "सासूबाई म्हणाल्या तेच खरं" असं वाक्य शेवटी चुकून उरलं, तर ऐकणारा विचारेल, कोण सासूबाई? लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण साठची गोष्ट त्याच्या डोक्यात असते. म्हणून तीसची संहिता, साठची न ऐकलेल्या माणसाला वाचून दाखवावी.

पंधराला येताना पात्रं नव्हे, कारणं कापायची. व्हॉल्व्ह जातो, "कुकर चांगला आहे" ही समजूत जाते, फोन नंबरही जातो. देवळासमोरचं दुकान सापडायला तो लागत नाही. दुकानदाराचं काम निवेदकच करतो:

(वाफेचा आवाज)
बाई: शिट्टीच होत नाही!
निवेदक: रिंग बदला, कुकर नको.
(शिट्टी)
निवेदक: (दुकानाचं नाव), मारुतीच्या देवळासमोर. (पुन्हा नाव)

इथे मोह होतो तो वाफेचा आवाज काढून तिथे आणखी चार शब्द भरण्याचा. तो आवरावा. फुस्सऽऽ आणि त्यानंतरची शिट्टी, एवढ्यात बिघाड आणि दुरुस्ती दोन्ही सांगून होतं. शिवाय ज्याने मोठी जाहिरात ऐकली आहे त्याला सासूबाई, रुखवत सगळं त्या आवाजानेच आठवतं. ज्याने ऐकलेली नाही, त्यालाही अडचण कळते, उपाय कळतो आणि दुकान कळतं.

म्हणूनच लिहिताना उलटा क्रम धरणं बरं: आधी पंधरा, मग साठ. पंधरामध्ये गोष्ट उभी राहिली नाही, तर साठमध्ये एक कल्पना नसून दोन-तीन कोंबल्या आहेत, असं समजावं. या मालकाने ऐन वेळी "आमच्याकडे मिक्सरही दुरुस्त होतो" हे घालायला सांगितलं, तर साठमध्ये ते सहज मावेल. पंधरामध्ये मिक्सरसाठी शिट्टी काढावी लागेल, आणि मग मालकालाच विचारता येईल, यातलं काय ठेवू?