दर शब्दाला, पण कोणत्या शब्दाला?

इंग्रजीतून मराठीत अनुवादाचं काम घरून सुरू करणारा पहिला प्रश्न विचारतो, 'शब्दाला किती घेऊ?' माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की शब्द मोजायचे कुठले, मूळ मजकुरातले की अनुवादातले. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि इंग्रजीतली उपपदं गळून जातात. त्यामुळे पाच हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत साधारण चारच हजार होतात.

समजा, एका रुग्णालयाचं माहितीपत्रक आलं. शब्द पाच हजार, दर दीड रुपया. मूळ शब्दांवर साडेसात हजार मिळतात, अनुवादित शब्दांवर सहा हजार. त्यातच एजन्सी म्हणते, हजार शब्द पुनरावृत्तीचे आहेत, त्यांना पाव दर. मग मूळ शब्दांवर मोजूनही हाती येतात सहा हजार तीनशे पंच्याहत्तर. दिवसाला दोन हजार शब्द नीट होतात असं धरलं, तर अनुवादाला अडीच दिवस आणि वाचून तपासायला अर्धा दिवस, म्हणजे एकूण तीन दिवस. दिवसाची कमाई सव्वादोन हजारांच्या आतच राहते. पुनरावृत्तीच्या वाक्यांचा संदर्भही तपासावा लागतो, म्हणून पाव दर मान्य करण्याआधी ती वाक्यं पाहायला मागावीत. दर ठरवायचा तो असा दिवसाच्या कमाईवरून. शेजारचा काय घेतो यावरून ठरवला तर फसगत होते.

ग्राहक शोधताना 'सर्व विषय' असं लिहिणाऱ्याला कमी दराचंच काम मिळतं, असं मला वाटतं. एकच क्षेत्र धरावं. वैद्यकीय चाचण्यांची संमतीपत्रं हे त्यातलं एक. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत संमती घेणं 2019 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणून हे काम सतत निघतं. इथे मराठी मजकूर दुसरा अनुवादक पुन्हा इंग्रजीत आणतो आणि दोन्ही इंग्रजी प्रती ताडून पाहतात. 'औषध मिळू शकेल' असं लिहायच्या जागी 'औषध मिळेल' लिहिलं, तर चूक तिथेच पकडली जाते आणि पकडलीच पाहिजे, कारण त्या वाक्यावर विसंबून कोणी तरी सही करणार असतं. अशा कामाचा दर माहितीपत्रकापेक्षा जास्त मागावा, आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत तेही लिहून घ्यावं.

एजन्सीला पाठवायच्या पत्रात भाषाजोडी, क्षेत्र, रोजची क्षमता आणि दर पहिल्या चार ओळींत यावेत. प्रोझसारख्या संकेतस्थळावर नाव नोंदवता येतं, पण अशी थेट पत्रं पाठवणंही सोडू नये. अडीचशे-तीनशे शब्दांची चाचणी विनामूल्य देणं ठीक. त्याहून मोठी 'चाचणी' बहुधा कुणाचं तरी खरं काम असतं.

काम हाती घेण्याआधी ईमेलवर शब्दसंख्या, मोजणीची रीत, मुदत आणि पैसे देण्याची तारीख मागवावी. उद्यम नोंदणी केली असेल, तर 2006 च्या कायद्यानुसार ग्राहकाला 45 दिवसांपलीकडची मुदत लावता येत नाही आणि पैसे थकले तर सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. ही नोंदणी विनाशुल्क आहे. पहिलं बिल पाठवण्याआधीच ती करून टाकावी.