पाच पायऱ्यांची शिडी

निवृत्तीच्या वेळी हाती आलेले 10 लाख रुपये कुठे ठेवावेत? सगळे पाच वर्षांसाठी अडकवले आणि मग व्याजदर वाढले, तर चुटपुट लागते. एकेका वर्षासाठी ठेवले आणि दर उतरले, तर घरखर्चाचे गणित कोलमडते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 2020 च्या मे महिन्यात 4 टक्के होता आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 टक्के. पुढचा दर ओळखणे आपल्या हाती नाही, मुदती वाटून घेणे मात्र आहे. त्यालाच रोख्यांची शिडी म्हणतात.

दोन-दोन लाखांचे पाच भाग करायचे आणि एक, दोन, तीन, चार, पाच वर्षांनी मुदत संपणारे सरकारी रोखे घ्यायचे. दरवर्षी एक रोखा सुटतो. ती रक्कम पुन्हा पाच वर्षांच्या नव्या रोख्यात घालायची, की शिडी तशीच उभी राहते.

सोयीसाठी सगळ्या रोख्यांवर 7 टक्के, म्हणजे वर्षाला 70 हजार रुपये व्याज मिळते असे धरू. वर्षभराने दर 6 टक्क्यांवर आले, तर फक्त सुटलेल्या दोन लाखांवर कमी व्याज मिळेल आणि उत्पन्न 68 हजार होईल. सगळी रक्कम एकाच वर्षासाठी ठेवली असती, तर ते थेट 60 हजारांवर आले असते. उलट दर 8 टक्के झाले, तर शिडीचे उत्पन्न 72 हजार होते. सगळे पाच वर्षांसाठी अडकवणारा 70 हजारांवरच राहतो.

रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून 10 हजार रुपयांपासून असे रोखे घेता येतात. पहिल्या पायरीसाठी 364 दिवसांचे ट्रेझरी बिल चालते. मधल्या मुदतींसाठी बहुधा बाजारातले जुने रोखे घ्यावे लागतात आणि तिथेच फसगत होते. समजा, 8 टक्के व्याजाचा, दोन वर्षे उरलेला रोखा 102 रुपयांना मिळतो. मुदतीअंती हाती 100 च येणार, म्हणून खरा परतावा जवळपास 7 टक्केच. नावातला दर पाहू नका, परताव्याचा दर पाहा.

दुसरी चूक म्हणजे मध्येच विकणे. दर एका टक्क्याने वाढले, की पाच वर्षांच्या 100 रुपयांच्या रोख्याची किंमत 96 च्या आसपास येते, एक वर्षाच्या रोख्याची मात्र 99 च्या. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण 100 मिळतात. म्हणून आजारपणासाठीचे पैसे शिडीत घालू नका, ते बचत खात्यात वेगळे ठेवा.