दोन घरं, एक भिंत

पुण्याच्या कसबा पेठेचं उपग्रहचित्र पडद्यावर घेतलं की एकमेकींना खेटून बसलेली छपरं दिसतात. त्यातल्या दोन शेजारी घरांची सामाईक भिंत १२ मीटर लांब आहे, असं धरू. नकाशा काढणारा पहिल्या घराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर क्लिक करत त्याचा आकार काढतो आणि दुसऱ्या घराकडे वळतो. भिंतीच्या रस्त्याकडच्या टोकाला त्याचा हात ४० सेंटिमीटरनं चुकतो. चित्रातला एक पिक्सेलच ५० सेंटिमीटरचा, त्यामुळे डोळ्याला सगळं ठाकठीक दिसतं. प्रत्यक्षात दोन घरांमध्ये २.४ चौरस मीटरची पाचर राहिलेली असते. हात उलट्या बाजूला चुकला असता, तर तेवढीच जागा दोन्ही घरांच्या नावावर लागली असती.

यावरचा इलाज म्हणजे स्नॅपिंग. क्यूजीआयएसमध्ये चुंबकाचं बटण दाबलं की कर्सर आधी काढलेल्या कोपऱ्याच्या जवळ जाताच नेमक्या त्याच बिंदूला चिकटतो. ‘जवळ’ म्हणजे किती, हे मात्र आपणच ठरवायचं, आणि नवखे इथेच फसतात. हे अंतर १० पिक्सेल ठेवलं आणि पडद्यावरचा एक पिक्सेल जमिनीवरच्या ३० सेंटिमीटरएवढा असला, तर कर्सरची ओढ ३ मीटरपर्यंत पोचते. मग तो २ मीटरचा बोळ ओलांडून पलीकडच्या घराला चिकटतो आणि बोळच नकाशातून नाहीसा होतो. झूम वाढवून पिक्सेल ५ सेंटिमीटरवर आणला, की हीच ओढ अर्ध्या मीटरवर येते.

`Avoid Overlap on Active Layer` हा पर्याय चालू असेल, तर सामाईक भिंत पुन्हा गिरवावीही लागत नाही. दुसऱ्या घराची रेघ बिनदिक्कत पहिल्याच्या अंगावर न्यायची. जादा भाग आपोआप छाटला जातो.

शेवटी तपासणी. `must not overlap` हा नियम एकमेकांवर चढलेली घरं बिनचूक पकडतो. `must not have gaps` हा जरा भाबडा आहे. चारी बाजूंनी वेढलेली प्रत्येक रिकामी जागा त्याला चूकच वाटते, त्यामुळे वाड्याचा खराखुरा चौकही तो दोषांच्या यादीत टाकतो. तो भरायचा नाही, हे माणसानंच ठरवायचं. उलट आपली ती पाचर रस्त्याच्या बाजूला उघडी. चारी बाजूंनी बंद नसल्यामुळे ती या नियमाच्या हाती लागतच नाही.

तिच्यासाठी वेगळी युक्ती करावी लागते. सगळ्या घरांची एक प्रत घेऊन ती २५ सेंटिमीटरनं फुगवायची, एकत्र जोडायची आणि तेवढीच पुन्हा आत घ्यायची. अर्ध्या मीटरहून अरुंद फटी यात बुजतात, २ मीटरचा बोळ मात्र शाबूत राहतो. या प्रतीतून मूळ घरं वजा केली की बुजलेल्या जागा तेवढ्या उरतात. आतल्या कोपऱ्यांतले नखाएवढे तुकडेही त्यात येतात, ते सोडून द्यायचे. लांबट, टोकदार तुकडा दिसला की तिथे जायचं आणि चुकलेला कोपरा शेजारच्या कोपऱ्याला चिकटवायचा.